पंपाचं हँडल आणि वर्कहाऊसमधले ५३५ जण

विद्यार्थ्यांच्या निबंधांचे कच्चे खर्डे वाचणं आणि त्यांच्यासोबत बसून ते दुरुस्त करणं हे माझं काम. त्या दिवशी आलेल्या मुलीचा विषय होता १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात आलेली कॉलऱ्याची साथ. साथ तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरते असं मानून त्या पंपाचं हँडल काढायला लावणाऱ्या डॉक्टर जॉन स्नो यांचा १८५५ चा मूळ ग्रंथ तिने खरोखर वाचला होता आणि वहीत भरपूर नोंदी होत्या. परिच्छेद मात्र उभा राहत नव्हता. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘पंपाचं हँडल काढल्यावर साथ थांबली, यावरून कॉलरा पाण्यातून पसरतो हे सिद्ध होते.’

मी विचारलं, “हे वाक्य स्नोंचं की तुझं?”

“नोंदीत आहे, मॅडम. पण कुठून घेतलं ते आठवत नाही.”

मग आम्ही वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण केली: लेखकाचे शब्द, लेखकाचं म्हणणं तिच्या शब्दांत, आणि तिचा स्वतःचा विचार. हे कंटाळवाणं काम आहे, पण मी ते कधीच टाळू देत नाही. नोंदीत हे तिन्ही प्रकार एकाच शाईत मिसळलेले असले, की परिच्छेदात आपला अंदाज लेखकाच्या नावावर खपतो. हँडलच्या ओळीला यातली एकही खूण लागेना, म्हणून मूळ मजकूर उघडला. तिथे स्नो स्वतःच सांगतात की लोक भाग सोडून गेल्यामुळे हँडल काढण्याआधीच रुग्ण बरेच कमी झाले होते, त्यामुळे त्या वेळी विहिरीत विष शिल्लक होतं की नाही हे ठरवता येत नाही. म्हणजे तिचा मुख्य पुरावा तिच्याच साक्षीदाराने नाकारला होता.

ती हिरमुसली. मला मात्र हायसं वाटलं, कारण त्याच वहीत दोन पानं पुढे एक फार मजबूत नोंद पडून होती: ‘पोलंड स्ट्रीट वर्कहाऊस, ५३५ पैकी ५ मृत्यू.’ गरिबांच्या या आश्रयगृहाच्या तीन चतुर्थांशांहून जास्त बाजूंना कॉलऱ्याने माणसं गेलेली घरं होती. आवारात स्वतःची विहीर होती, शिवाय पाणी कंपनीचाही पुरवठा होता. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर तिथून कुणी पाण्याला जात नव्हतं.

तिने लगेच लिहिलं, ‘५३५ पैकी फक्त ५ जण मेले. यावरून दिसते की तिथे फार कमी लोक मेले.’ ही सर्वांत नेहमीची अडचण. दुसरं वाक्य पहिल्याचाच आकडा पुन्हा सांगतं आणि लिहिणाऱ्याला वाटतं, स्पष्टीकरण झालं. मी म्हटलं, “समजा, रोग दूषित हवेतून पसरतो असं मानणारा तुझ्यासमोर बसलाय. त्याला हा आकडा अडचणीचा का आहे?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हवा तर तीच होती. वेगळं होतं ते पाणी.” स्पष्टीकरण हेच होतं. पाचाच्या आकड्यात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एक गोष्ट अजून सुटली होती. ते पाच मृत्यू आतल्या माणसांचे होते. आजार झाल्यावर आत आणलेले रुग्णही दगावले, पण स्नोंनी ते वेगळे धरले आहेत. नोंद आखूड करताना ही अट गळली होती. ती परत घातली आणि ‘सिद्ध होते’ काढलं, कारण एका इमारतीवरून तेवढं म्हणता येत नाही. शेवटी परिच्छेद असा झाला:

‘१८५४ च्या साथीत कॉलऱ्याचा प्रसार हवेपेक्षा पिण्याच्या पाण्याशी अधिक जुळतो. साथीने वेढलेल्या पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाऊसमध्ये, आजारी अवस्थेत दाखल झालेले वगळता, ५३५ रहिवाशांपैकी ५ जण दगावले. तिथले लोक ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी वापरत नसत (स्नो, १८५५). आजूबाजूच्या घरांची आणि वर्कहाऊसची हवा एकच होती, पाण्याचा स्रोत मात्र वेगळा होता. दूषित हवा हेच कारण असते तर मृत्यूंमध्ये एवढी तफावत पडायला नको होती.’

स्नोंचं म्हणणं तिच्या शब्दांत आहे, म्हणून कंसात नाव आणि साल पुरलं. त्यांचं वाक्य जसंच्या तसं उचललं असतं तर पृष्ठक्रमांकही लागला असता. कंस मुद्दाम तिसऱ्या वाक्याच्या शेवटी आहे. तो परिच्छेदाच्या टोकाला नेला असता तर तिचा स्वतःचा तर्कही स्नोंच्या नावावर गेला असता.

हँडलची नोंद तिला खोडायची होती. मी ती ठेवायला सांगितली, फक्त पुढे स्नोंची कबुली जोडून. हँडल काढल्याने साथ किती आटोक्यात आली, या प्रश्नावर तिला वेगळा परिच्छेद लिहायचा होता आणि त्यात तीच ओळ मुख्य पुरावा होणार होती.