पाच मनुकांचा हिशेब

«रोज रात्री पाच काळ्या मनुका भिजत घालते, सकाळी चावून खाते, वरचं पाणीही पिते. तरी पोट साफ होत नाही. आता अंजीर सुरू करू का प्रून्स? आणि नेमकं किती खायचं?»

प्रून्स सुरू करा, तीनचारपासून. अंजीर चालेल, पण दुसऱ्या क्रमांकावर. पाच मनुकांचं म्हणाल तर त्या खायला काहीच हरकत नाही, फक्त त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

आहाराचा सल्ला देण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न सतत येतो, आणि बहुतेक वेळा गाडी प्रमाणावरच अडलेली असते. एका मनुकेचं वजन साधारण अर्धा ग्रॅम, मोठी बियांची काळी मनुका असेल तर ग्रॅमभर. म्हणजे पाच मनुका फार तर पाच ग्रॅम. शंभर ग्रॅम मनुकांमध्ये तंतू जेमतेम चार ग्रॅम असतात, म्हणजे तुमच्या पाच मनुकांमधून मिळाले पाव ग्रॅमहून कमी. मोठ्या माणसाला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तंतू लागतात. मनुकांमध्ये टार्टारिक आम्ल असतं आणि त्याचाही आतड्यांवर थोडा परिणाम होतो, हे खरं. पण तो दिसायला मनुका मूठमूठभर खाव्या लागतात, आणि मनुकांमध्ये निम्म्याहून जास्त वजन नुसत्या साखरेचं असतं. एवढी साखर पोटात घालून पोट साफ करणं मला महागाचा सौदा वाटतो.

प्रून म्हणजे सुकवलेला आलूबुखार. त्यात शंभर ग्रॅमला सातेक ग्रॅम तंतू असतात, पण त्याची खरी ताकद सॉर्बिटॉलमध्ये आहे. ही साखरेच्या जवळची एक गोड वस्तू. लहान आतड्यात ती पुरती शोषली जात नाही, तशीच पुढे सरकते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून ठेवते. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. शौच मऊ होतं ते या पाण्यामुळे, आणि पोटात गुडगुड होते ती या जिवाणूंमुळे. शंभर ग्रॅम प्रून्समध्ये चौदा-पंधरा ग्रॅम सॉर्बिटॉल असतं, मनुकांमध्ये ते जवळपास नाहीच. अंजिरात तंतू भरपूर, शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास, पण सॉर्बिटॉलचा हा जोर नाही. म्हणून अंजिराचा परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे थांबावं लागतं, तर प्रून्सचा बऱ्याच जणांना दोनतीन दिवसांतच कळतो.

प्रून्सच्या बाजूने बरा अभ्यासही आहे. अमेरिकेतल्या आयोवामध्ये 2011 साली जुना बद्धकोष्ठ असलेल्या 40 जणांना तीन आठवडे रोज दोनदा 50 ग्रॅम प्रून्स दिले आणि तीन आठवडे इसबगोल दिलं, दोन्हींतून मिळणारे तंतू सारखेच ठेवून. आठवड्यातून किती वेळा पूर्ण पोट साफ झालं आणि शौच किती मऊ होतं, या दोन्हींत प्रून्स सरस ठरले. कुंथावं लागण्यात मात्र दोघांत म्हणावा असा फरक पडला नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे येणारच आहे.

तिथे दिवसाला 100 ग्रॅम, म्हणजे दहा-बारा प्रून्स दिले होते. घरी पहिल्याच दिवशी तेवढे खाल्ले तर दुपारपर्यंत पोट फुगून तुम्ही मला फोन कराल. पहिले तीनचार दिवस तीन-चार, मग दर तीनचार दिवसांनी एक-एक वाढवत पाच-सहापर्यंत. बहुतेकांचं काम इथे होतं. पाच प्रून्स म्हणजे साधारण 45 ग्रॅम, त्यातून तीन ग्रॅम तंतू आणि सहा-सात ग्रॅम सॉर्बिटॉल. आठच्या वर जायची वेळ आली तर निम्मे सकाळी, निम्मे रात्री. अंजिराच्या वाटेने जायचं असेल तर दोनपासून सुरुवात आणि चारपर्यंत. अंजिराच्या आकारात फार फरक असतो, म्हणून पहिल्यांदा एकदा वजन करून पाहा आणि तीस-चाळीस ग्रॅमच्या बेतात राहा. मनुकांची आवडच असेल तर किमान तीस ग्रॅम घ्या, तेही अंजिराच्या जोडीला.

भिजवल्याने फळात नवीन काही तयार होत नाही. फळ मऊ होतं, दातांचा त्रास असलेल्यांना चावता येतं, आणि थोडीशी साखर, थोडं सॉर्बिटॉल पाण्यात उतरतं. म्हणून ते पाणी टाकायचं नाही. आधी फळं धुवून घ्यायची आणि मग अर्धा-पाऊण कप पिण्याच्या पाण्यात भिजत घालायची. अंजीर भिजवण्याआधी दोन तुकडे करून आत नजर टाका, किडा किंवा काळपट बुरशी असली तर ती बाहेरून दिसत नाही. सहा ते आठ तास पुरतात. उकाड्याच्या दिवसांत वाटी फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पाण्यावर बुडबुडे आले असतील, आंबूस वास येत असेल तर सगळं फेकून द्या. आणि दिवसभरात पाणी पिणं होत नसेल तर नुसते तंतू वाढवून पोट उलट जड होतं.

आता एक प्रसंग सांगते. साठीच्या पुढच्या एक बाई आल्या. दोन महिन्यांपासून तीनचार दिवसांनी एकदा शौचाला होत होतं, तेही शेळीच्या लेंड्यांसारखं. तुमच्यासारख्याच पाच मनुका चालू होत्या. मी मनुका थांबवून चार प्रून्स आणि भिजवलेलं पाणी सुरू केलं, आणि नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, घाई नसताना, पायाखाली छोटं स्टूल घेऊन दहा मिनिटं बसायला सांगितलं. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलू लागतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी गॅसची तक्रार आली, प्रमाण तसंच ठेवलं, चारपाच दिवसांत ती कमी झाली. मग सहा प्रून्स. आठवड्याच्या शेवटी दिवसाआड होऊ लागलं, लेंड्या जाऊन भेगा पडलेला पण एकसंध आकार आला. पण तिथेच थांबलं. परत सगळी औषधं काढून ठेवायला सांगितली, तेव्हा लोहाच्या गोळ्या सापडल्या, सुरू होऊन बरोबर दोन महिने झालेल्या. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि मग चार प्रून्सवर गाडी रुळावर आली. लोह, कॅल्शियम, रक्तदाबाच्या काही गोळ्या, अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्या, कोडीनसारखी दुखण्यावरची औषधं, यांतलं काही चालू असेल तर फळांचा डोस वाढवत बसण्याआधी तिकडे बघा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

कुंथण्याची गोष्ट इथे येते. ज्यांना शौच कोरडं, खडे-खडे होतं, त्यांना प्रून्सचा उपयोग होतो. काहींचं शौच मऊच असतं, पण बाहेर पडत नाही. बराच वेळ कुंथावं लागतं, होऊनही अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, कधी बोटाची मदत घ्यावी लागते. हा दोष बहुतेक वेळा गुदद्वाराभोवतीच्या स्नायूंचा असतो. जोर लावताना ते सैल पडायला हवेत, त्याऐवजी आवळले जातात. इथे तंतू वाढवले की फक्त फुगतं. यावर त्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे जा. म्हणून मी सगळ्यांना आधी हेच विचारते: कडक आहे, का मऊ असून अडतंय? लाजतात लोक, पण उत्तर याच प्रश्नात असतं.

मधुमेह असेल तर पाच प्रून्समधून अठ्ठावीस-एकोणतीस ग्रॅम कर्बोदकं जातात, ती दिवसाच्या हिशेबात धरायची, जादाची म्हणून नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच रोज खाऊ नये. तिन्ही फळांत शंभर ग्रॅमला सातशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकत नसेल तर हृदयाला धोका होतो. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर प्रून्समधलं व्हिटॅमिन के आड येऊ शकतं, सुरू करण्याआधी सांगा आणि मग प्रमाण रोज तेच ठेवा. आयबीएसवाल्यांना, म्हणजे ज्यांचं पोट वारंवार दुखतं आणि बिघडतं त्यांना, सॉर्बिटॉल बहुतेक वेळा झेपत नाही, त्यांनी एका प्रूनने अंदाज घ्यावा. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खी मनुका देऊ नका, घशात अडकते.

तीन आठवडे नीट प्रमाणात घेऊन फरक पडला नाही तर फळं बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रक्तात लोह कमी, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर तीन आठवडेही थांबू नका. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वायूसुद्धा सरत नाही, अशा वेळी काहीही न खाता थेट दवाखाना गाठा.

वयस्कर, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या बाबतीत एक फसवणूक नेहमी होते. कित्येक दिवस शौचाला झालेलं नसतं आणि एकाएकी पातळ, थोडं-थोडं, नकळत होऊ लागतं. घरच्यांना वाटतं प्रून्स लागू पडले, किंवा जुलाब लागले. खरं तर गुदाशयात कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत असतं. इथे आणखी प्रून्स दिले तर गोळा हलत नाही, फक्त कळा वाढतात. जुलाब थांबवणारी गोळी दिली तर आणखी बिघडतं. दोन्ही बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावून तपासून घ्या. गोळा एनिमाने किंवा हाताने काढावा लागतो, आणि तो निघाल्यावरच प्रून्सचा विचार करायचा.