एका वावरातले नऊ कट्टे

एका शेतकरी काकांचे नऊ कट्टे आले तेव्हा माझ्याकडे आदल्या दिवसाचेच काम पडलेले होते. वर्धा जिल्ह्यात आमच्या शेतकरी कंपनीचे संकलन केंद्र आहे. वाळलेला तुळशीचा पाला इथे तोलला जातो, तपासला जातो आणि मग खरेदीदाराकडे जातो. तपासणीचे काम माझे. 'लॅब' म्हणतात तिला, पण आहे ती जुन्या गोदामाची एक खोली. त्यात एक काटा, एक हीटिंग मँटल, थोडी काचेची भांडी आणि पाण्याची बादली, एवढाच संसार.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. काका आणि काकू दोघेही आले होते. अर्ध्या एकरात जुलैच्या सुरुवातीला त्यांनी तुळशीची रोपे लावली होती, दीड-दीड फुटावर. बियाणे आम्हीच दिलेले, लखनौच्या सीमॅप या संशोधन संस्थेने काढलेला 'सिम-आयु' वाण. त्याच्या तेलात युजेनॉल जास्त असते, म्हणजे लवंगेला जो वास देते तेच द्रव्य. सगळ्या तुळशी तशा नसतात. काहींच्या तेलात मिथाइल युजेनॉलच जास्त निघते. कुठली तुळस कुठले तेल देणार हे बरेचसे बियाण्यातच ठरते, म्हणून बियाण्याच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत.

पण पाल्यात तेल निघणार किती, हे बियाण्यावर सोडून चालत नाही. ते त्या दिवशी नव्याने कळले.

आमची पद्धत अशी. पन्नास ग्रॅम पाला एक लिटरच्या चंबूत पाण्यासह तीन तास उकळायचा. वाफेबरोबर तेल वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन खाली येते आणि खुणा केलेल्या बारीक नळीत पाण्यापासून वेगळे होते. हे क्लेव्हेंजरचे यंत्र. तुळशीच्या तेलात एक खोड आहे. युजेनॉल पाण्यापेक्षा जड, बाकीची काही द्रव्ये हलकी, त्यामुळे तेलाचे थेंब धड वर येत नाहीत की तळाशी बसत नाहीत. म्हणून नळीत आधीच मोजून थोडे झायलीन घालायचे, तेल त्यात विरघळते, आणि शेवटी झायलीनचे माप वजा करायचे. नवीन माणूस ही वजाबाकी विसरतो आणि शेतकऱ्याला उगाच खूश करून सोडतो.

नऊ कट्ट्यांवर काकांनी खडूने काहीच लिहिलेले नव्हते. तरी पाच कट्ट्यांचा पाला हिरवट आणि चारांचा पिवळसर तपकिरी, हे उघडल्या उघडल्या दिसत होते. दोन वेगळे नमुने घेतले. दुपारपर्यंत पहिल्याचे माप आले, ०.३६ मिली, म्हणजे शंभर ग्रॅमला ०.७२. चांगला माल. मग दुसरा लावला. तीन तासांनी वजाबाकी केली तर ०.१० मिली. मला वाटले चंबूचा सांधा गळतोय. व्हॅसलीन लावून पुन्हा लावला, संध्याकाळ झाली. पुन्हा ०.१० च. शंभर ग्रॅमला ०.२०. खरेदीदाराची अट किमान ०.५० ची.

काका म्हणाले, "मॅडम, माल तं एकाच वावरातला हाये. बियाणं तुमचंच. मंग हे काहून?" त्यांनी दोन्ही कट्ट्यांतला पाला मुठीत चोळून माझ्या नाकाशी धरला. "वास तं दोन्हीले येते!"

येत होता, खरे आहे. नाकाला वास यायला तेलाचा कण पुरतो, आणि पाला चोळला की उरलेसुरले एकदम बाहेर पडते. नाक तेल आहे की नाही ते सांगते, किती आहे ते सांगत नाही. त्यातही दिवसभर तुळशीत काम केलेले नाक तर मेलेलेच असते, माझेही.

मी भिंग काढले, दहापट मोठे दाखवणारे. हिरव्या पाल्याचे एक अखंड पान पालथे करून काकूंच्या हातात दिले. पानाच्या पाठीवर बारीक चमकते ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. तुळशीचे तेल पानाच्या आत मुरलेले नसते, पृष्ठभागावरच्या या फुग्यांत पातळ पापुद्र्याखाली साठवलेले असते. पापुद्रा फाटला की तेल गेले. मग पिवळा पाला दिला. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "याच्यात तं चिपकलेले दिसते," एवढेच म्हणाल्या.

मग हळूहळू हकिगत बाहेर आली. पहिली कापणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लागवडीला नव्वद दिवस झाले तेव्हा. झाडे पूर्ण फुलावर. पाऊस थांबून तीन दिवस झालेले, ऊन पडलेले. अगदी पुस्तकात लिहावी तशी कापणी, जमिनीपासून वीतभर वर. पाला गोठ्याशेजारच्या पडवीत दोन बोटे जाडीचा पसरला, रोज हलक्या हाताने उलटला, आठवड्याभरात वाळला. तेच पाच कट्टे.

अर्धे वावर झाले आणि सोयाबीन काढणीला आले. विदर्भात त्या दिवसांत मजूर मिळवून दाखवावा! सगळ्यांचे सोयाबीन एकदमच येते, शेंगा फुटायची भीती, वरून परतीच्या पावसाची टांगती तलवार. तुळस मागे पडली यात काकांना दोष देणे मला जमले नाही. उरलेली अर्धी तुळस वीसेक दिवसांनी कापली. तोवर मंजिऱ्या तपकिरी होऊन बी भरले होते आणि खालची पाने गळाली होती. आणि पडवीत सोयाबीनची पोती.

"मंग वाळवलं कुठी?" मी विचारले. इतकी वर्षे इथे राहून मीही तसेच बोलते.

"स्लॅबवर," काका म्हणाले. "दोन दिवसात कडक झालं. मले तं वाटलं बरंच झालं. मंग काडीनं बडवून पाला झाडला."

ऑक्टोबरचे ऊन, तापलेली स्लॅब, आणि वर काडीचा मार. तुळशीचा पाला चाळीस अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो, म्हणून तर सावली. युजेनॉलचा उत्कलनबिंदू अडीचशे अंशांच्या वर आहे, पण उडून जायला उकळावेच लागते असे नाही. दोरीवरचे ओले धोतर कुठे उकळते? आणि कडक पाला बडवला की पानांचा चुरा होतो, ग्रंथी फुटतात.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या, उशिराची कापणी आणि उन्हातली वाळवण. दोष कुणाचा किती, हे त्या दोन आकड्यांतून निघत नव्हते. पुढच्या वर्षी काकांना नेमके काय सांगायचे? मजूर नसले तरी आधी तुळस कापा, की उशीर झाला तरी चालेल पण स्लॅबवर टाकू नका? या दोन सल्ल्यांची किंमत त्यांच्या घरात फार वेगळी आहे.

तोडगा काकूंकडून आला. धुऱ्याकडचा एक तास, म्हणजे बांधालगतची झाडांची एक ओळ, त्यांनी तुळशीच्या लग्नासाठी राखून ठेवला होता, कापलाच नव्हता. त्यातल्या चार फांद्या मला हव्या होत्या. पण त्यांच्या घरी द्वादशीला तुळस तोडत नाहीत आणि त्या दिवशी नेमकी द्वादशी. वावरातल्या तुळशीला तिथी लागत नाही, धुऱ्यावरच्या तासाला लागते, हा हिशेब मी मुकाट्याने मान्य केला. दुसऱ्या दिवशी काकूंनी फांद्या कापल्या, पाने हाताने खुडली आणि पडवीत आता मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात सुती साडीवर पसरली.

दरम्यान कट्ट्यांचे काय करायचे हा प्रश्न होताच. काकांनी सरळ सांगितले, "सगळं मिसळून टाका." कागदावर मांडून पाहिले. पाच कट्टे ०.७२ चे, चार ०.२० चे, वजन सारखे. सरासरी ०.४९. एका शंभरांशाने नापास! नऊचे नऊ कट्टे गेले असते. मग काकांनीच चलाखी काढली, "तीनच मिसळा नं." गणित खरे होते, आठ कट्ट्यांचे ०.५२ निघते. पण पाला म्हणजे दूध नव्हे, फावड्याने सारखा मिसळत नाही. खरेदीदाराचा माणूस कट्ट्याकट्ट्यातून मूठ काढतो, त्याच्या मुठीत पिवळे जास्त आले की सगळा लॉट परत. मी नाही म्हटले. काका दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. खरे सांगायचे तर मलाही मोह झाला होता, कारण त्या तीन कट्ट्यांचे पैसे त्यांना मजुरीला हवे होते हे मला माहीत होते. पाच कट्टे अर्काच्या भावाने गेले आणि चार काढ्याच्या भुकटीसाठी, बऱ्याच कमी भावाने.

आठवड्याने काकूंनी धुऱ्यावरचा पाला आणला, जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून. देठ वाकवला की काडकन मोडत होता, पान बोटांत चुरत होते, म्हणजे वाळण पुरती झालेली. रंगही हिरवट. दोघेही यंत्रासमोर बसून राहिले. मी मध्येच बादलीतले पाणी बदलत होते, कारण कंडेन्सरचे पाणी कोमट झाले की तेल हवेत जाते.

माप आले ०.२४ मिली. शंभरला ०.४८.

मी पाटीवर तीन आकडे लिहिले. वेळेवर कापून सावलीत, ०.७२. उशिरा कापून सावलीत, ०.४८. उशिरा कापून उन्हात, ०.२०. फुलोरा सरून बी धरले की नवी पाने थांबतात, जुनी उरतात. ग्रंथी पान कोवळे असतानाच धरतात, पुढे पान नुसते वाढते, म्हणून जुन्या पानात त्या विरळ होत जातात. त्याची किंमत ०.२४. उरलेले ०.२८ स्लॅबने आणि काडीने खाल्ले. तेही कमीत कमी, कारण धुऱ्यावरची झाडे दुसऱ्या कापणीपेक्षाही आठ-दहा दिवस जास्त जुनी होती. एकाच यंत्रावरचा, एकाच वावराचा हा हिशेब आहे. दुसऱ्या जमिनीत, दुसऱ्या वर्षी आकडे हलतील. पण नुकसानीचा मोठा वाटा वाळवणीत होता हे काकांना दिसले, आणि ते त्यांच्या हातातले होते.

काका पाटीकडे पाहत म्हणाले, "म्हणजे उशीर झाला तरी सावलीत टाकली असती तं ०.४८."

"हो."

"अन् ते पहिल्यात मिसळलं असतं तं?"

मी हिशेब केला. पाच ०.७२ चे, चार ०.४८ चे. ०.६१. नऊचे नऊ पास.

काकू हसल्या. काका उठले, बाहेर जाऊन बिडी पेटवली, आणि तिथूनच त्यांनी विचारले की गोठ्यावर मांडव टाकायला हिरवी जाळी घ्यायची तर ती किती टक्क्यांची घ्यायची, पन्नास की पंच्याहत्तर.