बेगम आणि बेग़म

ग़ालिबच्या दिल्लीतल्या घरावर मी एका हिंदी मासिकासाठी लेख लिहिला होता. प्रूफ आलं, तर त्यात ग़ालिबच्या पत्नीचं नाव ‘उमराव बेग़म’ आणि घराच्या गल्लीचं ‘गली कासिम ज़ान’. बेगममधला ग साधा. त्याला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, दिला की शब्द होतो बे-ग़म, म्हणजे जिला दुःखच नाही अशी. सातही मुलं तान्हेपणीच गेलेल्या बाईच्या नावात हे वाचून मला फार लागलं. गल्लीचं नाव तर नेमकं उलटं हवं: क़ासिमला नुक्ता, जानला नाही.

नुक्ते कानावरून दिले होते हे उघड होतं. मग माझी मूळ प्रत पाहिली, तर ‘ज़वाब’ माझाच होता. आपण मराठीत ‘जबाब’मधला ज दातांजवळून उच्चारतो, तोच कान हिंदीत फसवतो. हिंदी-उर्दूत जवाबचा ज जीवनातल्या जसारखा.

तेव्हा कान बाजूला ठेवला आणि प्रत्येक शब्दाचं उर्दू लिपीतलं स्पेलिंग कोशात बघायला बसले. उर्दूत ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय यांपैकी अक्षर असेल तर ज़, जीम असेल तर साधा ज. एवढं कळलं की मजबूर आणि मज़बूत यांतला फरक लगेच दिसतो. खरी काळजी घ्यावी लागते ती दोन्ही ज एकाच शब्दात येतात तिथे. ‘इजाज़त’मध्ये पहिला साधा, दुसरा नुक्त्याचा, ‘ज़ंजीर’मध्ये बरोबर उलट. म्हणून ‘सगळे ज बदला’ हा आदेश कधीच देऊ नये. ‘फिर’ आणि ‘फल’ हे तर देशी शब्द, पण ‘फ़िर’ मला लेखात तीन ठिकाणी सापडला.

एक अडचण संगणकाची निघाली. ज़ दोन प्रकारे साठवला जातो: U+095B हे एकच चिन्ह, किंवा ज आणि त्यापुढे U+093C हा सुटा नुक्ता. दिसायला दोन्ही सारखेच. माझ्या फाइलमध्ये दोन्ही मिसळले होते, त्यामुळे शोधात अर्धेच शब्द येत होते. आधी सगळे दुसऱ्या प्रकारात आणले, मग तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली.

संपादकबाईंचं म्हणणं होतं की मासिकात नुक्ते देतच नाहीत, सगळे काढून टाकू. केंद्रीय हिंदी निदेशालयाचा नियमही रूढ शब्दांना सूट देतो. जिथे उच्चारातला फरक दाखवणं गरजेचं, तिथे नुक्ता द्यावा असं सांगतो, जसं राज आणि राज़. शेवटी असं ठरलं: ग़ालिबचे शेर आणि विशेषनामं यांत नुक्ते पूर्ण, बाकी मजकुरात फक्त अर्थ बदलत असेल तिथे. त्यामुळे ‘कलम’ बिननुक्त्याचाच गेला, त्याला माझी हरकत नव्हती. चुकीचा नुक्ता मात्र एकही ठेवायचा नाही, हे मी लेखी मागून घेतलं.

शेवटच्या प्रुफात आधी तेच पान उघडलं. उमराव बेगम, गली क़ासिम जान.