अंडी मोजा, रस्सा तोला

“अंडाकरीचे मॅक्रो कसे काढता? एका वाढणीत नेमके किती धरायचे?”

पूर्वी मी सगळ्या जिन्नसांची बेरीज करून तिला जेवणाऱ्यांच्या संख्येने भागत असे, परंतु अंडी सर्वांच्या वाट्याला सारखी येतात आणि रस्सा मात्र कधीच सारखा येत नाही, हे लक्षात आल्यावर ती पद्धत सोडली. आता मी अंडी नगावर मोजतो आणि रस्सा वजनावर.

परवाचेच उदाहरण घ्या. सहा अंडी, ३०० ग्रॅम कांदा, २५० ग्रॅम टोमॅटो, थोडे आले-लसूण, कोरडे मसाले आणि ४५ ग्रॅम तेल. कांदा-टोमॅटो सोलून-चिरून, पण कच्चे असतानाच तोललेले होते. परतलेला कांदा तोलून त्याला कच्च्या कांद्याचे आकडे लावले, तर हिशेब फार कमी निघतो, कारण परतताना पाणी उडते, साखर उडत नाही. तेल मी चमच्याने मोजत नाही. बाटली आधी आणि नंतर तोलतो, आणि उकडलेली अंडी मसाल्यात सोडण्यापूर्वी तेलावर परतली असतील, तर तेही तेल त्यात येते.

अंडी वगळता या रश्शाच्या सुमारे ६३० कॅलरी झाल्या, आणि त्यांपैकी ४०५ एकट्या तेलाच्या होत्या. कांदा, टोमॅटो आणि मसाले मिळून उरलेल्या सव्वादोनशे. टोमॅटो कमी करून करी ‘हलकी’ करू पाहणाऱ्यांची म्हणूनच मला गंमत वाटते.

रिकाम्या कढईचे वजन आधीच टिपून ठेवले होते. अंडी बाजूला काढून कढई तोलली, तेव्हा रस्सा ७०० ग्रॅम भरला, म्हणजे ग्रॅममागे ०.९ कॅलरी. मोठ्या आकाराच्या एका अंड्यात साधारण ७२ कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम चरबी असते. दोन अंडी आणि २०० ग्रॅम रस्सा घेतला, तर सुमारे ३२५ कॅलरी, १४ ते १५ ग्रॅम प्रथिने, २३ ग्रॅम चरबी आणि १५ ग्रॅम कर्बोदके होतात. तीच दोन अंडी ३०० ग्रॅम रश्शाबरोबर घेणाऱ्याच्या कॅलरी ४१५ च्या आसपास जातात, प्रथिने मात्र जेमतेम एक ग्रॅमने वाढतात.

वाढण्यापूर्वी रस्सा तळापासून ढवळणे आवश्यक आहे. तेलाचा तवंग वर येतो, आणि पहिली पळी घेणाऱ्याच्या वाट्याला हिशेबापेक्षा बरेच अधिक तेल जाते, जे काट्यावर मुळीच कळत नाही.

दोघांचे जेवण झाल्यावर ३०० ग्रॅम रस्सा उरला होता. दुसऱ्या दिवशी तो गरम करताना आटून २७० ग्रॅम झाला. त्यातील २७० कॅलरी तेवढ्याच राहिल्या, म्हणून त्या दिवशी ग्रॅममागे ०.९ नव्हे, तर १ कॅलरी धरली.