वहीतली नोंद: एकच समीकरण, दोन रस्ते आणि बापूशी वाद

अवकल समीकरणांची उजळणी सुरू आहे हे इथल्या मंडळींना ठाऊक आहेच. या खेपेला नवीन प्रकरण उघडलंच नाही. एकाच समीकरणावर अडकून बसले, आणि त्याला कारण बापू. कॉलेजात एम-थ्रीच्या तासाला आम्ही एकाच बाकावर बसायचो. आता तो कारखान्यात कंट्रोल सिस्टिम बघतो, त्यामुळे त्याला सगळीकडे लाप्लास रूपांतराचा s दिसतो. मी सी.एफ.-पी.आय. पंथाची, म्हणजे आधी उजवी बाजू शून्य धरून पूरक फलन, मग अंदाजाने विशेष उत्तर.

समीकरण हे:

```
y'' + 3y' + 2y = e^(-t),   y(0) = 1,  y'(0) = 0
```

दिसायला गरीब आहे, पण मुद्दाम निवडलं होतं. सहायक समीकरणाची मुळं -1 आणि -2, म्हणजे उजवीकडचं e^(-t) सी.एफ.मध्ये आधीच बसलेलं.

बापू: इथेच तुझी पद्धत अडखळते. तू A·e^(-t) धरणार, आणि डावी बाजू शून्य होणार.

मी: होऊ दे की. शून्य बरोबर e^(-t) असं आलं की कळतंच, अंदाजाला t ने गुणायचं. A·t·e^(-t) धर. पहिला अवकलज A(1-t)e^(-t), दुसरा A(t-2)e^(-t). तिन्ही घालून बेरीज केली की t ची पदं उडतात आणि A उरतो. म्हणून A = 1.

बापू: पण t नेच का? t² ने का नाही?

मी: -1 हे मूळ एकदाच आलंय म्हणून. दोनदा असतं तर t². आपल्याला शिकवलेला 1/f(D) आठव. f(-1) शून्य, मग t घेऊन f'(-1) ने भागायचं. f'(D) = 2D + 3, म्हणजे -1 ला किंमत 1. तोच A.

पुढे सरळ आहे. y = C1·e^(-t) + C2·e^(-2t) + t·e^(-t). सुरुवातीच्या अटींतून C1 + C2 = 1 आणि C1 + 2·C2 = 1. म्हणजे C2 शून्य, C1 एक, आणि उत्तर (1 + t)e^(-t).

बापू हसला. त्याला हेच हवं होतं.

बापू: e^(-2t) गायब झालं, ते तुला कधी कळलं? सगळ्यात शेवटी. आता माझं बघ.

```
(s² + 3s + 2)Y = s + 3 + 1/(s+1) = (s+2)²/(s+1)
Y = (s+2)/(s+1)² = 1/(s+1) + 1/(s+1)²
```

अंशात (s+2)² आला आणि छेदातला (s+2) त्याने खाल्ला. e^(-2t) उत्तरात येणार नाही हे आंशिक अपूर्णांक करायच्या आधीच दिसलं. शिवाय t ने गुणायचा नियम पाठ करावा लागला नाही. छेदात (s+1) दोनदा आला, म्हणून t·e^(-t) आपोआप आलं.

हे मान्य करावं लागलं. लाप्लासमध्ये ‘अपवाद’ असा प्रकारच नसतो. उजवीकडच्या बळाचा घटक आणि समीकरणाचा घटक एकाच छेदात येऊन बसतात, आणि जुळले की घात वाढतो. माझ्या अनिर्धारित गुणांकांत तीच गोष्ट नियम होऊन येते आणि कोरडी वाटते.

(जाता जाता: बळ आणि समीकरण जुळलं की उत्तर फुगत जातं, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. ते घर्षण नसलेल्या स्प्रिंगवर sin चं बळ लावलं तर. इथे t·e^(-t) थोडं चढून शून्याकडेच जातं, आणि आपल्या उत्तराचा अवकलज -t·e^(-t) असल्यामुळे ते तर पहिल्यापासून उतरतच राहतं.)

मग मी डाव टाकला.

मी: आता अटी बदल. y(0) = 0, y'(0) = 0.

मला फक्त शेवटच्या दोन ओळी बदलायच्या होत्या. C1 + C2 = 0 आणि C1 + 2·C2 = 1, म्हणून C2 = 1, C1 = -1. उत्तर:

```
g(t) = t·e^(-t) - e^(-t) + e^(-2t)
```

बापूचा अंश आता नुसता 1 झाला, काहीच कटलं नाही, आणि Y = 1/((s+1)²(s+2)) फोडत बसावं लागलं. त्याने झाकून बघायची युक्ती वापरली: (s+2) झाकून s = -2 घातलं की 1, (s+1)² झाकून s = -1 घातलं की पुन्हा 1. मधला 1/(s+1) झाकून मिळत नाही. तो s खूप मोठा धरून काढायचा: 1/(s+1) आणि 1/(s+2) यांच्या गुणकांची बेरीज शून्य यायला हवी, कारण डावीकडे s चा घात -3 आहे. म्हणून -1. उत्तर तेच, कष्ट जास्त.

मी: म्हणजे अटी चार वेळा बदलल्या तर तू चार वेळा फोडणार.

बापू: नाही. अटी a आणि b ठेवून एकदाच फोडेन. पण ठीक आहे, हा गुण तुझा. आता माझा प्रश्न घे. पहिल्याच अटी, पण बळ t = 1 ला बंद. 0 ते 1 मध्ये e^(-t), त्यानंतर शून्य.

माझ्या बाजूने हे दोन तुकड्यांचं काम. पहिल्या तुकड्यात उत्तर आहेच. t = 1 ला y = 2/e आणि y' = -1/e. त्यापुढे उजवी बाजू शून्य, म्हणून नुसतं सी.एफ., आणि त्यातले दोन स्थिरांक या दोन किमतींवरून:

```
t > 1:   y = 3·e^(-t) - e^(1-2t)
```

तपासलं: t = 1 ला 3/e - 1/e = 2/e. बसलं. एका तुकड्याला ठीक आहे, पण बळ दहा वेळा चालू-बंद झालं तर प्रत्येक सांध्यावर दोन समीकरणं सोडवायची, आणि एका सांध्यावर आकडा चुकला की पुढचं सगळं वाया.

बापूने सांध्याचा विचारच केला नाही. बळ म्हणजे e^(-t) वजा ‘1 नंतर सुरू होणारं e^(-t)’. पहिल्याचं उत्तर हातात आहे. दुसऱ्यासाठी अटी शून्य धरायच्या, म्हणजे मघाचंच g, फक्त एक सेकंद उशिरा सुरू झालेलं. मी त्याला अडवायला काढलेलं उदाहरण त्यानेच वापरून टाकलं! हेविसाइडच्या नावाची पायरी u(t-1) इथे कामाला येते. ती लावून त्याने मला उत्तर दिलं आणि म्हणाला, यात एक चूक मुद्दाम घातलीय, शोध:

```
y = (1+t)e^(-t) - g(t-1)·u(t-1)
```

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. आधी सांधा तपासला. t = 1 ला y सलग आहे. y' सुद्धा सलग आहे. साधारणपणे इथेच आपण समाधानाने वही मिटतो. पण g(0) आणि g'(0) दोन्ही शून्य आहेत, त्यामुळे g(t-1) ला कुठल्याही संख्येने गुणलं तरी y आणि y' सलगच राहणार. म्हणजे ही तपासणी ही चूक पकडूच शकत नाही.

मग t > 1 चं पूर्ण सूत्र उलगडलं. g(t-1) मध्ये (t-1)·e^(-(t-1)) आहे, म्हणजे e·(t-1)·e^(-t). सगळं एकत्र केल्यावर t·e^(-t) चा गुणक 1 - e उरला.

मी: हे चालणार नाही. 1 नंतर बळ शून्य आहे, मग t·e^(-t) येईलच कुठून? बळ नसताना फक्त e^(-t) आणि e^(-2t) एवढंच असू शकतं.

बापू: सापडली. कारण?

मी: तू e^(-t)·u(t-1) सरळ सरकवलंस. ते सरकवलेलं e^(-t) नाहीच. e^(-t) = e^(-1)·e^(-(t-1)). तो e^(-1) बाहेर यायला हवा.

```
y = (1+t)e^(-t) - e^(-1)·g(t-1)·u(t-1)
```

उलगडलं तर t·e^(-t) नेमकं उडतं, आणि 3·e^(-t) - e^(1-2t) उरतं. दोन्ही रस्ते एका ठिकाणी आले. दुसरी खूण हवी असेल तर y'' बघा: बळ t = 1 ला 1/e ने खाली येतं, म्हणून y'' ची उडीसुद्धा -1/e च हवी. चुकीच्या उत्तरात ती -1 येते.

एक विनंती: u(t-a) लावताना समोरचं फलन (t-a) मध्ये लिहिल्याशिवाय e^(-as) बाहेर काढू नका. sin t आणि t² साठी हे लोक आठवणीने करतात. e^(-t) ला मात्र ‘घातांकीच आहे, काय बिघडतंय’ म्हणून सोडून देतात.

तर कोण जिंकलं? बापूचं म्हणणं, बळ तुकड्यांत आलं किंवा हातोडीसारखा क्षणिक धक्का आला की लाप्लासला पर्याय नाही. तुकड्यांबद्दल ‘पर्याय नाही’ हे जरा जास्त झालं, पण दिशा बरोबर आहे. माझं म्हणणं, बळ एकाच सूत्रात असेल आणि ते बहुपदी, घातांकी, sin-cos किंवा त्यांचा गुणाकार असेल, तर अंदाज धरून गुणांक काढणं लवकर उरकतं. आणि अटी सुरुवातीला नसून दोन टोकांना असल्या, म्हणजे y(0) आणि y(1) दिले, तर लाप्लासला y'(0) अज्ञात ठेवून शेवटी काढावा लागतो. मला C1, C2 ची दोनच समीकरणं.

उजवीकडे tan t आलं तर दोघेही गप्प. त्याचे अवकलज घेत गेलं तर नवीनच पदं येत राहतात, म्हणून अंदाज धरता येत नाही. आणि π/2 ला ते असं फुटतं की लाप्लास रूपांतरच अस्तित्वात नाही. तिथे प्राचल-विचरण घ्यावं लागेल, तेही π/2 च्या अलीकडेपर्यंतच. पुढची नोंद त्यावर. बापूने आतापासूनच सांगून ठेवलंय की त्यातलं इंटिग्रल म्हणजे वेश बदललेलं कन्व्होल्यूशनच आहे, म्हणजे तो तिथेही लाप्लास घुसवणार.