गुडघा बरा झाला, मग इंजेक्शन कशाला?

हृदयरोग विभागात परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न हमखास विचारते. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरल्यानंतर काही आठवड्यांनी येणारा ऱ्हुमॅटिक फीव्हर झालेल्या मुलाला वर्षानुवर्षं पेनिसिलिन का द्यायचं? निदानाचे मेजर आणि मायनर निकष सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण या प्रश्नावर बरेच जण एन्डोकार्डायटिस टाळण्यासाठी असं सांगून मोकळे होतात. त्या दिवशी वॉर्डातल्या एका मुलीमुळे निकषांची मोजणी आणि पेनिसिलिनचं कारण, दोन्ही गोष्टी एकाच खाटेपाशी उलगडल्या.

मुलगी अकरा वर्षांची, वजन ३१ किलो. आठवड्यापूर्वी डावा गुडघा सुजला, पाय टेकवेना, अंगात ताप. फॅमिली डॉक्टरांनी तपासून सूज आणि ताप कागदावर नोंदवला, ३८.२ अंश, आणि आयबुप्रोफेन सुरू केलं. दोन दिवसांत सूज उतरली. पण थकवा जाईना आणि छातीत धडधडतं म्हणते, म्हणून त्यांनी आमच्याकडे पाठवलं. आमच्यासमोर बसली तेव्हा दोन्ही गुडघे एकसारखे होते, कुठेच दुखत नव्हतं.

"मॅडम, आर्थ्रायटिस दिसतच नाही, मग आर्थ्राल्जियाच धरायचा ना?" एका विद्यार्थ्याने विचारलं. त्याची शंका रास्त होती. या आजारातला सांधा वेदनाशामकांना इतक्या झटपट दाद देतो, की रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत पुरावाच नाहीसा झालेला असतो. एका सांध्यातून दुसऱ्यात सरकत जाणारी ती ओळखीची चालही औषधाने मध्येच थांबते आणि एकाच सांध्याचं दुखणं उरतं. मुलीच्या आईने मात्र पहिल्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात डाव्या गुडघ्याची वाटी सुजेत पार बुडाली होती, उजव्या गुडघ्याच्या कडा स्वच्छ दिसत होत्या. डॉक्टरांची नोंद आणि हा फोटो हाती आल्यावर एका सांध्याचा आर्थ्रायटिस मान्य करायला माझी हरकत नव्हती. एकच सांधा असला की त्यात पू तर नाही ना, ही शंका आधी फेडावी लागते. पू झालेला सांधा दोन दिवसांच्या आयबुप्रोफेनने असा मोकळा होत नाही, आणि आमच्या तपासणीत आत पाणीही नव्हतं.

मग छाती. मुलीला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि स्टेथोस्कोप एपेक्सवर ठेवला. काखेकडे जाणारा मर्मर असावा असं वाटलं, पण खात्री देण्याइतका नाही. तापात आणि जलद ठोक्यांत साधे मर्मरही ऐकू येतात. म्हणून त्याच दुपारी इको केला. मायट्रल झडपेतून मागे जाणारा झोत दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसला, त्याची लांबी २.३ सेंटिमीटर होती, वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर, आणि तो पूर्ण सिस्टोलभर टिकत होता. या चारही अटी पुऱ्या व्हाव्याच लागतात, कारण निरोगी मुलांच्या झडपेतही थोडीशी गळती इकोवर दिसू शकते. लांबी २ सेंटिमीटरच्या आत असती किंवा झोत एकाच कोनातून दिसला असता, तर मी त्याला कार्डायटिस म्हटलं नसतं. २०१५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने जोन्स निकष सुधारले तेव्हापासून असा फक्त इकोवर सापडलेला कार्डायटिसही मेजर धरला जातो.

विद्यार्थ्यांना फळ्यावर मोजणी करायला सांगितली. एकीने भराभर लिहिलं: कार्डायटिस, आर्थ्रायटिस, सांधेदुखी, ताप, ईएसआर ५२, सीआरपी ४.२, इसीजीत पीआर ०.२० सेकंद. दोन मेजर आणि पाच मायनर! मी तिला दोन ओळी खोडायला लावल्या. आर्थ्रायटिस मेजरमध्ये घेतला की त्याच सांध्याचं दुखणं पुन्हा मायनरमध्ये येत नाही. कार्डायटिस मेजर असेल तर लांबलेला पीआरही वेगळा मोजायचा नाही. ईएसआर आणि सीआरपी मिळूनही एकच मायनर, दोन नव्हेत. परीक्षेतले निम्मे सापळे या दुहेरी मोजणीतच दडलेले असतात.

त्यानंतर मी विचारलं, हीच मुलगी हा आजार अगदी क्वचित दिसतो अशा समाजातली असती तर? वर्ग गप्प झाला. तिथे एका सांध्याचा आर्थ्रायटिस मेजर होत नाही, अनेक सांधे लागतात. ताप ३८.५ च्या वर हवा, तिचा ३८.२. ईएसआर ६० हवा, तिचा ५२. सीआरपी मात्र ३ मिलिग्रॅमच्या वर असल्याने तो मायनर टिकतो. म्हणजे हाती उरतात एक मेजर आणि एक मायनर, आणि निकष अपुरे पडतात. जिथे आजार नेहमी दिसतो तिथे तोच एक सांधा मेजर ठरतो, ताप ३८ ला आणि ईएसआर ३० ला पुरेसा होतो. आमची मुलगी या दुसऱ्या गटातली. तिचे दोन मेजर पुरे झाले, वर ताप आणि सीआरपी. मला ही विभागणी पटते. जिथे आजार विरळा तिथे सैल निकष लावले तर निरोगी मुलांवर वर्षानुवर्षांच्या सुया लादल्या जातील, आणि जिथे आजार घरोघरी तिथे कडक निकषांमुळे खरे रुग्ण निसटतील.

स्ट्रेप्टोकोकसचा पुरावा तेवढा राहिला होता. घशाच्या स्वॅबमध्ये काहीच उगवलं नाही आणि विद्यार्थी निराश झाले. पण घसा दुखून तीन आठवडे उलटलेले, तेवढ्यात जंतू बहुधा गेलेला असतो. मागे राहतात अँटिबॉडी, आणि तिचा एएसओ ६४० निघाला. कोरिया, म्हणजे हातापायांच्या अनावर हालचाली, असत्या तर या पुराव्याचाही आग्रह धरला नसता, कारण कोरिया संसर्गानंतर काही महिन्यांनी उमटतो आणि तोवर एएसओ उतरलेला असू शकतो.

निदान ठरल्यावर मी आईला इंजेक्शनबद्दल सांगितलं. बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी. २७ किलोपेक्षा कमी वजनाला ६ लाख. ती नीट ऐकून म्हणाली, "मॅडम, घसा बरा झाला, गुडघा बरा झाला. तपासणीत जंतूही नाही म्हणता. मग हे औषध मारणार कुणाला?"

इतका नेमका प्रश्न त्या दिवशी विद्यार्थ्यांकडूनही आला नव्हता. मी म्हटलं, "ताई, आत्ता मारायला कुणी उरलं नाही, हे तुमचं खरं आहे. घशात कुठे चुकार उरला असेल तर तो या पहिल्या इंजेक्शनने जाईल. पुढची सगळी इंजेक्शनं अजून न आलेल्या जंतूसाठी आहेत." या जंतूच्या कवचावरची काही प्रथिनं हृदयाच्या ऊतींशी मिळतीजुळती असतात. काही मुलांची प्रतिकारशक्ती जंतूशी लढताना स्वतःच्या झडपांवरही वार करते. तिच्या मुलीची प्रतिकारशक्ती तशी आहे हे आता कळलंय, आणि ही ओळख ती सहजी विसरत नाही. स्ट्रेप्टोकोकसचा घसा झालेल्या साध्या मुलांपैकी फार थोड्यांना हा ताप येतो. एकदा येऊन गेलेल्यांना पुढच्या संसर्गात तो परत येण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त. दर खेपेला झडपेवर नवा व्रण पडतो, आणि कालांतराने कडा चिकटून झडप अरुंद होते ती याच व्रणांनी.

"मग घसा दुखला की लगेच घेऊन येते की," ती म्हणाली. पहिल्या वेळेपुरता हा मार्ग खरोखर चालतो. घसा धरल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन मिळालं तर ताप बहुधा टळतो. एकदा आजार झाला की मात्र त्यावर विसंबता येत नाही. बरेच संसर्ग घसा न दुखताच होऊन जातात, आणि दुखलेल्या घशावर वेळेत, पुरेसं औषध देऊनही अशा मुलांमध्ये आजार उलटलेला दिसतो. म्हणून जंतूला घशात पाय रोवूच द्यायचा नाही. बेंझाथिनचे बारीक कण स्नायूत साठून हळूहळू विरघळतात आणि रक्तात थोडंथोडं पेनिसिलिन आठवडेभर सोडत राहतात. चौथ्या आठवड्यात ती पातळी घसरते, म्हणून जास्त धोक्याच्या ठिकाणी महिन्याऐवजी तीन आठवडे. गोळ्या रोज दोनदा घ्याव्या लागतात, त्या चुकतात, आणि न चुकवताही इंजेक्शनइतकं संरक्षण देत नाहीत.

विद्यार्थ्यांकडे वळून मी एवढंच सांगितलं की एन्डोकार्डायटिसचा बचाव ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तो निवडक रुग्णांना दातांच्या काही कामांआधी एका मात्रेपुरता असतो, आणि नियमित पेनिसिलिन चालू असलेल्याला तर त्यासाठी दुसऱ्या गटातलं औषध निवडावं लागतं. प्रश्नपत्रिकेत हे दोन्ही पर्याय शेजारीशेजारी आले की दचकू नका.

किती वर्षं, हे झडप ठरवते. कार्डायटिस नसता तर ५ वर्षं किंवा वयाच्या २१ पर्यंत, यातलं जे लांब ते. कार्डायटिस होऊन झडप पूर्ववत झाली तर १० वर्षं किंवा २१ पर्यंत. हिच्या बाबतीत दोन्ही एकाच वयाला पडतात. गळती कायम राहिली तर १० वर्षं किंवा ४० पर्यंत, कधी जन्मभर. आधीच पडलेला व्रण पेनिसिलिनने भरत नाही. पण नवे व्रण थांबले तर हिच्याइतकी सौम्य गळती अनेक मुलांत कमी होते, काहींत नाहीशीही होते, आणि आईला मी तेच सांगितलं. खोटा दिलासा तो नव्हता.

इंजेक्शन दुखतं, हे लपवण्यात अर्थ नाही. औषध दुधासारखं दाट, बारीक सुईत कण अडकतात, म्हणून सिस्टरने बाटली तळहातात धरून ऊब दिली, त्यात लिग्नोकेन मिसळलं आणि दोन-तीन मिनिटं घेत सावकाश सोडलं. मुलीने ओठ घट्ट मिटले, रडली नाही. नंतर अर्धा तास तिला तिथेच बसवून ठेवलं, कारण अॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते, पण आली तर बहुधा तेवढ्याच वेळात येते.

निघताना आईने विचारलं, तारखेला परीक्षा आली तर? मी म्हटलं, आदल्या दिवशी द्या, दोन दिवस आधी दिलं तरी बिघडत नाही. चुकलीच तर आठवडाभर थांबू नका, लक्षात येईल त्याच दिवशी घ्या आणि पुढचे २१ दिवस तिथून मोजा.