एका मीटर तारेतले तीन चोर

मी एमआयडीसीतल्या एका तांब्याच्या तारेच्या कंपनीत क्वालिटी लॅबला आहे. मे महिन्यातली गोष्ट. सकाळी गेटवर टेम्पो उभा आणि त्यात आमच्याच चार कॉइल परत आलेल्या. २ मिलिमीटरची हार्ड वायर, म्हणजे ड्रॉइंग करून, साच्यातून ओढून बारीक केली की तशीच पाठवलेली, नंतर नरम करायला भट्टीत न घातलेली. सोबत कस्टमरचा रिपोर्ट, कंडक्टिव्हिटी शुद्ध नरम तांब्याच्या ८८ टक्के, पाहिजे होती किमान ९७.

दहा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. प्रॉडक्शनवाले म्हणाले, "हार्ड वायर आहे, रेझिस्टन्स थोडा जास्त येणारच." परचेसवाले म्हणाले, "मटेरियल ९९.९ टक्के तांबं आहे, सर्टिफिकेट बघा." आणि एक जण म्हणाला की त्यांच्या लॅबला एसी नाही, उन्हात मोजलंय. खरं तर यातलं एकही कारण खोटं नव्हतं, पण कुठल्या कारणाने किती खाल्लं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, संध्याकाळपर्यंत वेळ द्या, तिन्ही वेगळे करून आणते."

हे वेगळे करता येतात यावर माझा भरवसा होता, कारण तांब्यात वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन धावतात, आणि त्यांना अडवणाऱ्या गोष्टी तीन. अणूंची थरथर, जी तापमानाने वाढते. मधेमधे घुसलेले परके अणू. आणि तार ओढताना आतल्या जाळीत पडलेल्या सुरकुत्या, ज्यांना आम्ही डिसलोकेशन म्हणतो. प्रत्येक अडथळा आपापला रेझिस्टन्स घालतो आणि त्यांची सरळ बेरीज होते, साधारणपणे तरी. १८६०च्या दशकात मॅथिसन नावाच्या शास्त्रज्ञाने हे मोजून दाखवलं म्हणून त्याला मॅथिसनचा नियम म्हणतात.

शुद्ध, नरम केलेल्या २ मिलिमीटर तारेचा एक मीटर तुकडा २० डिग्रीला ५.४९ मिलिओहम देतो, ते आमचे १०० टक्के. आमच्या लॅबचा एसी त्या दिवशी बंदच होता, खोली ३३ डिग्री, तिथे परत आलेल्या तारेने ६.२३ दाखवलं. म्हणजे बरोबर ८८ टक्के, कस्टमरचाच आकडा. मग तुकडा २० डिग्रीच्या पाण्याच्या टाकीत अर्धा तास ठेवला (मोजताना करंट एक अँपियरच, जास्त दिला की तार स्वतःच तापते) आणि पुन्हा मोजला तर ५.९५. उन्हाचा वाटा ०.२८.

इथेच मला पहिला धागा सापडला. आम्ही नेहमी दर डिग्रीला ०.३९३ टक्के असं धरून तापमान दुरुस्त करतो. त्या हिशोबाने ५.९५ची तार १३ डिग्रीत ०.३० चढायला हवी होती, ती चढली ०.२८, आणि चांगली तारही तेवढीच चढते. म्हणजे थरथरीचा वाटा तार कशीही असो मिलिओहममध्ये तोच राहतो, खालचा आकडा फुगलेला असला की टक्का मात्र कमी दिसतो. फरक ०.०२चा, तेवढ्यावर निकाल देता येत नाही, पण शंका पक्की झाली की या तारेत कायमचं काहीतरी बसलंय.

मग हार्डनेसची पाळी. दुसरा तुकडा कोळशाच्या भुकटीत दाबून, पाइपमध्ये बंद करून ५०० डिग्रीला तासभर ठेवला, गार केला, पुसला, मायक्रोमीटरने पुन्हा व्यास घेतला. हे मी कुणी घाईत असलं तरी सोडत नाही, पापुद्रा निघाला की तार बारीक होते आणि चुकून दोष तांब्याला लागतो. हार्ड तार हाताने वाकवली की उसळते, ही दोऱ्यासारखी मऊ झाली होती, बोटाला गुंडाळली तर तशीच राहिली. रीडिंग आलं ५.८१. म्हणजे सुरकुत्यांचा वाटा फक्त ०.१४, अडीच-तीन टक्के, हार्ड तारेत नेहमी असतो तेवढाच. प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं खरं होतं पण त्यांचा गुन्हा नव्हता. ५.४९च्या वर अजून ०.३२ बसलेलेच होते, आणि भट्टी त्यांना हलवू शकत नव्हती.

तरी साहेब विचारणारच, व्यास चुकला असेल तर? त्याची खात्री करायला लिक्विड नायट्रोजन लागतं, आणि ते लॅबमध्ये नव्हतं. आमच्या हेल्परचा मोठा भाऊ गावाकडे गायींना कृत्रिम रेतन करतो, त्याच्याकडे कायम नायट्रोजनचं कंटेनर असतं. दादा दुपारी मोटारसायकलवर दोन लिटर घेऊन आला, आणि शेवटपर्यंत थांबून बघत राहिला.

थर्माकोलच्या डब्यात चांगल्या तारेचा नरम तुकडा आणि आमचा नरम केलेला तुकडा दोन्ही वेटोळं करून बुडवले. आधी तडतड उकळलं, मग शांत झालं. उणे १९६ डिग्रीला थरथर खूपच कमी होते. चांगली तार ५.४९वरून ०.६४वर घसरली. आमची ५.८१वरून ०.९५वर. करंट उलटा करून पुन्हा घेतलं, तेच. वजाबाकी करा, गरम असताना फरक ०.३२, गोठवल्यावर ०.३१. व्यासाची चूक असती तर दोन्ही रीडिंग एकाच प्रमाणात बदलली असती, म्हणजे तो फरकही आठ-नऊ पट लहान झाला असता. तो जागचा हलला नाही. थरथर ओसरली आणि परके अणू तिथेच उभे राहिले. (बेरीज अगदी काटेकोर नसते, थोडा फरक खोलीच्या तापमानाला जास्तच दिसतो, त्यामुळे ०.०१चं मला आश्चर्य वाटलं नाही.)

आता कोणते अणू? तांब्यात चांदीचे ७० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ७० भाग, पडले तर हा मीटर ओळखणारही नाही. फॉस्फरस मात्र वाईट, आणि ०.३२ मिलिओहमला हिशोबाने साधारण ७० पीपीएम पुरतात. तार तेव्हाही ९९.९९ टक्के तांबंच असते, म्हणून सर्टिफिकेट खरं असूनही निरुपयोगी होतं. साडेपाचला स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर, डिस्क लावली. लोखंड नाही, शिसं नाही, फॉस्फरस ७४ पीपीएम.

मग साहेब, मी आणि भट्टीचे शिफ्ट इनचार्ज यार्डात गेलो. स्क्रॅपच्या ढिगात एसीच्या जुन्या नळ्या होत्या, लखलखीत, वाकवून गठ्ठे बांधलेले. या नळ्यांच्या तांब्यात जोडकामासाठी मुद्दाम फॉस्फरस ठेवलेला असतो, साधारण २०० पीपीएमच्या घरात. आमच्या भट्टीत वितळलेल्या तांब्यावर कोळशाचा थर असतो, हवा लागत नाही, म्हणून फॉस्फरस जळून जात नाही, सरळ रॉडमध्ये उतरतो. इनचार्ज म्हणाले, "मॅडम, त्या लॉटला तिसरा हिस्सा हाच माल टाकला होता, दिसायला सगळ्यात स्वच्छ होता." २००चा तिसरा हिस्सा सत्तरच्या आसपास.

नळ्या त्याच रात्री वेगळ्या कुंपणात टाकल्या. पुढच्या आठवड्यातल्या रॉडमधून काढलेली तार मी स्वतः नरम करून पाण्याच्या टाकीत मोजली, ५.४८.